सात माणसं आणि ०.०५ ची रेघ

२४ सप्टेंबर २००९ रोजी बँकॉकमध्ये एक निकाल जाहीर झाला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याची मोठी बातमी झाली. एचआयव्हीचा संसर्ग रोखण्यात एखादी लस थोडीफार का होईना यशस्वी झाल्याचं माणसांवरच्या चाचणीत प्रथमच दिसलं होतं. थायलंडच्या रायोंग आणि चोनबुरी या दोन प्रांतांतल्या १६,४०२ तरुण स्त्री-पुरुषांवर ही चाचणी झाली. थायलंडचं आरोग्य मंत्रालय आणि अमेरिकी लष्कराचे संशोधक तिच्यामागे होते आणि आरव्ही१४४ या नावाने ती ओळखली जाते. चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटप करून निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना लशीसारखंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, आणि पुढची सुमारे साडेतीन वर्षं कोणाला संसर्ग होतो ते पाहिलं.

जाहीर झालेले आकडे असे होते: लस घेतलेल्या ८,१९७ जणांपैकी ५१ जणांना संसर्ग झाला, न घेतलेल्या ८,१९८ जणांपैकी ७४ जणांना. लशीची परिणामकारकता ३१.२ टक्के, पी-व्हॅल्यू ०.०४.

पुढच्या महिन्यात सविस्तर शोधनिबंध आला, तेव्हा त्यात याच चाचणीचा आणखी एक हिशोब होता. सुरुवातीला नाव नोंदवलेली सगळी माणसं धरून केलेला. त्यात पी-व्हॅल्यू ०.०८ होती. दोन्ही हिशोबांत फरक होता तो फक्त सात माणसांचा. लस टोचायला सुरुवात झाली त्याच वेळी या सातजणांच्या रक्तात आधीपासूनच एचआयव्ही होता हे नंतर तपासणीत कळलं. पाचजण लशीच्या गटात होते, दोघे दुसऱ्या. जो संसर्ग आधीच झालेला आहे तो लस कशी रोखणार, म्हणून पहिल्या हिशोबात त्यांना वगळलं होतं. हे वगळणं लपवाछपवीचं नव्हतं आणि त्यामागचा विचारही पटण्यासारखा आहे. पण सोळा हजारांच्या चाचणीत सात माणसं आत-बाहेर केल्यावर लस ‘यशस्वी’ की ‘अयशस्वी’ हे बदलत असेल, तर आपण निकाल वाचतो त्या रीतीतच काहीतरी चुकत असलं पाहिजे.

संख्याशास्त्र शिकवताना मला या चाचणीइतकं उपयोगी दुसरं उदाहरण सापडलेलं नाही. वैद्यकीय, फार्मसी, मानसशास्त्र, शेती, कुठल्याही शाखेच्या उत्तरपत्रिकेत पी-व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलवर जी वाक्यं चुकतात, ती जवळपास सगळी या एका चाचणीच्या आकड्यांवर तपासून दाखवता येतात. त्यातली निवडक वाक्यं इथे घेतो. त्याआधी आकडेमोड एकदा हाताने करून पाहू. ती साधी आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

लशीच्या गटात दर दहा हजारी ६२ जणांना संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ९०. फरक २८ चा. आता या २८ वर किती भरवसा ठेवायचा? संसर्गासारखी क्वचित घडणारी घटना मोजताना एक सोपा नियम लागू पडतो: मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ काढलं की ती संख्या नुसत्या योगायोगाने साधारण किती वर-खाली होऊ शकते याचा अंदाज येतो. ५१ चं वर्गमूळ सुमारे ७.१ आणि ७४ चं ८.६. दर दहा हजारी करून घेतले तर हे आकडे ८.७ आणि १०.५ होतात. दोन गटांतल्या फरकाचा डळमळीतपणा काढायचा असेल तर या दोघांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ घ्यायचं. ते येतं १३.६. हीच फरकाची स्टँडर्ड एरर.

इथून दोन वाटा फुटतात. २८ ला १३.६ ने भागलं तर २.०६ येतात. म्हणजे दिसलेला फरक शून्यापासून दोन स्टँडर्ड एररहून जरासा लांब आहे. नॉर्मल वक्राच्या कोष्टकात दोन्ही टोकं धरून पाहिलं की याची पी-व्हॅल्यू ०.०४ मिळते. दुसऱ्या वाटेने गेलो तर १३.६ ला १.९६ ने गुणायचं, ते होतात २६.७, आणि २८ च्या दोन्ही बाजूंना तेवढं अंतर टाकायचं. दर दहा हजारी सुमारे १ ते ५५ कमी संसर्ग, हा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल. सामग्री एकच आहे, स्टँडर्ड एररही एकच आहे, फक्त विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. शोधनिबंधात हाच निकाल टक्केवारीत दिला आहे: परिणामकारकता ३१.२ टक्के, इंटरव्हल १.१ ते ५२.१ टक्के.

पी-व्हॅल्यूचा प्रश्न असा असतो: लशीचा काहीही परिणाम होत नाही असं घटकाभर धरून चाललो, तर निव्वळ वाटपाच्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूने, दिसण्याची शक्यता किती? उत्तर आलं शंभरात चार. ‘काहीही परिणाम नाही’ हे जे धरून चाललो, तीच शून्य परिकल्पना, वर्गात आपण जिला नल हायपोथिसिस म्हणतो ती. या व्याख्येतला ‘असं धरून चाललो तर’ हा भाग उत्तरपत्रिकेतून सर्वांत आधी गळून पडतो, आणि तो गळला की वाक्याचा अर्थ पार उलटतो.

“पी-व्हॅल्यू ०.०४ आहे, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ४ टक्के आहे.” हे वाक्य हुशार विद्यार्थीही लिहितात. याचंच जुळं भावंड म्हणजे “निकाल योगायोगाने आला असण्याची शक्यता ४ टक्के” हे वाक्य. दोन्ही चूक आहेत, कारण ०.०४ हा आकडा काढतानाच शून्य परिकल्पना पूर्ण खरी आणि सगळा फरक योगायोगाचाच असं मानलेलं होतं. जे शंभर टक्के मानून गणित केलं, त्याचीच शक्यता त्या गणिताच्या उत्तरातून बाहेर येऊ शकत नाही. पाऊस पडला तर रस्ता ओला होणार हे जवळजवळ नक्की असतं. पण ओला रस्ता दिसला म्हणून पाऊस पडला असण्याची शक्यताही तेवढीच, असं कोणी म्हणणार नाही. पाण्याचा टँकर सांडत गेला असेल. दिवस जूनचा आहे की मार्चचा, हे विचारावं लागेल.

तसंच इथे विचारावं लागतं: या प्रकारच्या लशी आजवर किती वेळा चालल्या आहेत? समजा, वेगवेगळ्या १०० लशींच्या चाचण्या झाल्या आणि त्यांतल्या फक्त १० खरोखर गुणकारी आहेत. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. चाचणी चांगली असेल तर १० पैकी ८ गुणकारी लशी पकडल्या जातील. उरलेल्या ९० निरुपयोगी लशींपैकी ५ टक्के, म्हणजे चार-पाच लशी, योगायोगाने ०.०५ च्या खाली येतील. आता पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आलेल्या लशी झाल्या बारा-तेरा आणि त्यांतल्या चार-पाच फसव्या. म्हणजे पाच टक्के नाही, तिसऱ्या हिश्शापेक्षाही जास्त. तेव्हा ०.०४ हा आकडा एकटा परिकल्पनेची शक्यता सांगूच शकत नाही. त्याला आधीच्या ज्ञानाची जोड लागते. एचआयव्हीच्या बाबतीत ते आधीचं ज्ञान उत्साहवर्धक नव्हतं. थायलंडमध्ये वापरलेल्या दोन घटकांपैकी एका प्रकारची लस एकटी वापरून आधी चाचण्या झाल्या होत्या आणि २००३ मध्ये त्या निष्फळ ठरल्या होत्या.

यापुढचं एक वाक्य तर फारच घातक आहे: “पी-व्हॅल्यू ०.०४, म्हणून लस ९६ टक्के परिणामकारक.” इथे पुरावा किती बळकट आहे आणि परिणाम किती मोठा आहे या दोन गोष्टींची गल्लत झालेली असते. पी-व्हॅल्यूत परिणामाचा आकार आणि नमुन्याचा आकार एकमेकांत मिसळलेले असतात. माणसं भरपूर घेतली तर क्षुल्लक फरकाचीही पी-व्हॅल्यू ०.००१ येते, आणि माणसं थोडी असतील तर मोठा फरकसुद्धा ०.२ वर अडकतो. आकार पाहायचा असेल तर ३१.२ कडे आणि १.१ ते ५२.१ या पल्ल्याकडेच पाहावं लागतं.

आता सातजणांना परत आत घेऊ. लशीच्या गटात ८,२०२ पैकी ५६ आणि दुसऱ्यात ८,२०० पैकी ७६ संसर्ग. वरचीच आकडेमोड केली तर पी-व्हॅल्यू ०.०८ येते, आणि शोधनिबंधात परिणामकारकता आहे २६.४ टक्के, इंटरव्हल उणे ४.० ते ४७.९. उणे चारचा अर्थ असा की लस घेतलेल्यांना संसर्ग किंचित जास्त झाला असण्याची शक्यताही हे आकडे नाकारत नाहीत. परीक्षेत हा निकाल दिला की ठरलेलं उत्तर येतं: “पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त आहे, म्हणून शून्य परिकल्पना स्वीकारली, म्हणजेच लशीचा परिणाम नाही.” या एका वाक्यात दोन ठिकाणी गुण जातात. शून्य परिकल्पना ‘स्वीकारली’ असं लिहायचं नसतं, ‘नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असं लिहायचं असतं. बऱ्याच जणांना हा निव्वळ शब्दांचा कीस वाटतो. तसं नाही हे इंटरव्हल पाहिला की कळतं. उणे ४ ते ४७.९ या पल्ल्यात शून्य आहे खरं, पण त्यात २० आहे, ३० आहे, ४५ही आहे. लस शंभरातले पंचेचाळीस संसर्ग टाळते ही शक्यता ज्या आकड्यांनी खोडून काढलेली नाही, त्यांच्या आधारावर ‘परिणाम नाही’ असं कसं म्हणणार?

दोन इंटरव्हल एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. १.१ ते ५२.१ आणि उणे ४.० ते ४७.९. दोन्ही रुंद, दोघांचा मध्य पंचवीस-तीसच्या आसपास, आणि दोघांचंही म्हणणं एकच: परिणाम बहुधा मध्यम आहे, पण तो नगण्यही असू शकतो किंवा निम्म्यापर्यंतही जाऊ शकतो. सात माणसांनी चित्र बदललं नव्हतं. चित्राच्या कडेला ओढलेल्या रेघेच्या या बाजूला की त्या बाजूला, एवढंच बदललं होतं. ती ०.०५ ची रेघही निसर्गाने ओढलेली नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात ती सोयीची मर्यादा म्हणून वापरली. साधारण दोन स्टँडर्ड एररपलीकडे जे जाईल ते लक्ष देण्याजोगं, इतकाच तिचा आशय होता. पुढे पाठ्यपुस्तकांनी तिचा कायदा केला. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की पी-व्हॅल्यू म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे, आणि ती एखाद्या रेघेच्या पलीकडे गेली एवढ्यावरून वैज्ञानिक किंवा धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग इंटरव्हलच लिहावा, प्रश्न मिटला. पण इंटरव्हलवरची चुकीची वाक्यं पी-व्हॅल्यूवरच्या वाक्यांपेक्षा कमी नसतात. सर्वांत जास्त आढळणारं वाक्य असं: “लशीची खरी परिणामकारकता १.१ ते ५२.१ टक्क्यांच्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.”

या चुकीचं वय इंटरव्हलच्या वयाइतकंच आहे. पोलिश संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीसमोर आपला नमुना-निवडीवरचा निबंध वाचला, त्यात कॉन्फिडन्स इंटरव्हलची कल्पना मांडली होती. चर्चेत आर्थर बाउली यांनी विचारलं की आपल्याला खरोखर हवी असते ती गोष्ट, म्हणजे खरं प्रमाण या दोन मर्यादांमध्ये असण्याची शक्यता, ती यातून मिळते का? मिळत नाही असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि ते बरोबर होतं. नेमन यांनी त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काम सुरू केलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा तिथे शिकत होते. नेमन आणि ईगॉन पीअर्सन यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं, १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि नमुना-निवडीच्या सिद्धान्तात स्वतःची भर घातली. ही कल्पना जिथे घडत होती तिथे एक मराठी माणूस हजर होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

नेमन यांचं म्हणणं असं होतं. लशीची खरी परिणामकारकता ही एक ठरलेली संख्या आहे. आपल्याला ती माहीत नाही एवढंच. ती हलत नाही. हलतो तो इंटरव्हल, कारण प्रत्येक चाचणीत माणसं वेगळी, म्हणून संसर्गाचे आकडे वेगळे, म्हणून इंटरव्हलची टोकं वेगळी. समजा हीच चाचणी त्याच परिस्थितीत शंभर वेळा केली आणि दर वेळी याच रीतीने इंटरव्हल काढला, तर त्या शंभरपैकी साधारण ९५ इंटरव्हल खऱ्या संख्येला कवेत घेतील आणि साधारण पाच हुकतील. ९५ टक्के हा इंटरव्हल काढण्याच्या रीतीचा गुण आहे. आपल्या हाती पडलेला १.१ ते ५२.१ हा त्यांतला एक. त्याने खरी संख्या एकतर पकडली आहे किंवा नाही. हा पकडलेल्या ९५ मधला की हुकलेल्या पाचांतला, हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

एवढी बारीक अट पाळायची तरी का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. कारण तेच, जे पी-व्हॅल्यूच्या बाबतीत होतं. एका विशिष्ट इंटरव्हलवर ९५ टक्क्यांची पैज लावायची असेल तर आधी काय माहीत होतं तेही हिशोबात धरावं लागतं. तसं धरून गणित करण्याची बेझची पद्धत आहे, तिच्या इंटरव्हलला क्रेडिबल इंटरव्हल म्हणतात आणि तिथे हे वाक्य बिनदिक्कत लिहिता येतं. पण मग आधीचं ज्ञान कुठल्या स्वरूपात धरलं हे सांगण्याची जबाबदारीही येते. ती जबाबदारी न घेता तिचं वाक्य वापरलं की गुण जातात, आणि ते जाणं योग्यच आहे.

इंटरव्हलबद्दलची आणखी दोन वाक्यं. “९५ टक्के लोकांना १.१ ते ५२.१ टक्के संरक्षण मिळालं” हे एक. इंटरव्हल माणसांचा पसारा सांगत नाही. गटाच्या सरासरी परिणामाचा आपला अंदाज किती पक्का आहे तेवढंच सांगतो. माणसं वाढवली तर तो अरुंद होत जातो, माणसामाणसांतला फरक मात्र तेवढाच राहतो. दुसरं वाक्य: “चाचणी पुन्हा केली तर ९५ टक्के वेळा अंदाज याच पल्ल्यात येईल.” तेही नाही. पुढच्या चाचणीचा अंदाज स्वतःही डळमळणार, म्हणून तो या पल्ल्यात पडण्याचं प्रमाण सरासरीने ८३ टक्क्यांच्या आसपास येतं.

गुण घालवणारा एक सापळा थोडा तांत्रिक आहे, पण त्यात भलेभले अडकतात. दोन गटांचे वेगवेगळे इंटरव्हल काढू. लशीच्या गटात दर दहा हजारी ६२, त्याला ८.७ ची स्टँडर्ड एरर, म्हणून इंटरव्हल ४५ ते ७९. दुसऱ्या गटात ९०, स्टँडर्ड एरर १०.५, इंटरव्हल ७० ते १११. हे दोन पल्ले ७० ते ७९ च्या पट्ट्यात एकमेकांवर येतात. “इंटरव्हल एकमेकांवर आले, म्हणून फरक सार्थ नाही” असं विद्यार्थी लिहून मोकळा होतो. पण याच आकड्यांतून आपण फरकाचा इंटरव्हल काढला होता, १ ते ५५, त्यात शून्य नव्हतं आणि पी-व्हॅल्यू ०.०४ होती. विरोध का दिसतो? कारण दोन स्टँडर्ड एरर सरळ मिळवायच्या नसतात. ८.७ आणि १०.५ यांची साधी बेरीज १९.२ होते, पण फरकाची स्टँडर्ड एरर १३.६ च आहे. दोन्ही गट एकाच वेळी आपापल्या वाईट टोकाला जाण्याचा योग कमी असतो, म्हणून. इंटरव्हल एकमेकांना अजिबात शिवत नसतील तर फरक सार्थ असतो हे खरं, उलट मात्र खरं नाही. गटांची तुलना करायची तर फरकाचा इंटरव्हल काढायचा, नजरेने जोखायचं नाही.

आणि त्यात कुठली संख्या आहे की नाही हे पाहायचं, तेही ठरवून. शोधनिबंधात कधी फरक देतात, कधी गुणोत्तर. सगळी माणसं धरलेल्या हिशोबात संसर्गाचं गुणोत्तर ०.७४ आणि इंटरव्हल ०.५२ ते १.०४ येतो. “यात शून्य नाही, म्हणून निकाल सार्थ” असं लिहिलं की संपलं. गुणोत्तरात ‘काही फरक नाही’ म्हणजे एक, शून्य नव्हे, आणि १ या पल्ल्यात बसलेला आहे. उत्तर लिहायला घेण्याआधी समोरचा आकडा फरकाचा आहे की गुणोत्तराचा, हे समासात पेन्सिलीने टिपून ठेवावं.

मग या चाचणीवर चार गुणांचा प्रश्न आला तर उत्तर कसं असावं? मी असं लिहीन: “पाहणीतला अंदाज असा की लशीमुळे संसर्गाचं प्रमाण ३१.२ टक्क्यांनी कमी झालं. लशीचा परिणाम नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता ०.०४ आहे, म्हणून ५ टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारता येते. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.१ ते ५२.१ टक्के आहे. अशा रीतीने पुनःपुन्हा काढलेल्या इंटरव्हलपैकी सुमारे ९५ टक्के खऱ्या परिणामकारकतेला सामावून घेतात. या पल्ल्यातल्या किमती आकड्यांशी सुसंगत आहेत. खालचं टोक शून्याला चिकटलेलं असल्याने परिणाम नगण्य असण्याची शक्यता निकालात निघत नाही.” यात प्रत्येक वाक्याला काम आहे. पहिलं आकार आणि दिशा सांगतं. दुसऱ्यात ‘असं धरलं तर’ शाबूत आहे. चौथ्यात ९५ टक्के रीतीला चिकटवले आहेत. शेवटच्या वाक्यावरून परीक्षकाला कळतं की विद्यार्थ्याने इंटरव्हल पाहिला आहे, नुसता उतरवलेला नाही.

त्या शेवटच्या वाक्याची किंमत पुढे दिसली. थायलंडच्या निकालावरून लशीत सुधारणा करून, दक्षिण आफ्रिकेतल्या विषाणूच्या प्रकाराशी जुळवून, २०१६ मध्ये तिथे ५,४०७ जणांवर नवी चाचणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती मध्येच थांबवली गेली. तोवर लशीच्या गटात १२९ आणि दुसऱ्या गटात १२३ जणांना संसर्ग झाला होता. यावरून थायलंडचा निकाल योगायोगच होता असं सिद्ध होत नाही. विषाणूचा प्रकार वेगळा, लशीतला जोडघटक वेगळा, संसर्गाचं प्रमाण कितीतरी जास्त. पण २००९ मध्ये ज्यांनी १.१ हे टोक नीट वाचलं होतं, त्यांना २०२० चा निकाल अशक्य कोटीतला वाटला नसेल.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. ‘निकाल सार्थ आहे की नाही ते सांगा’ एवढ्यावर प्रश्न संपवू नका. पी-व्हॅल्यूसोबत इंटरव्हल द्या आणि विचारा की या पल्ल्याचं खालचं टोक खरं असेल तर लस द्यावी का, वरचं खरं असेल तर द्यावी का. या प्रश्नाचं उत्तर पाठ करून येता येत नाही, म्हणून गुण त्यालाच जास्त ठेवा.